सर्दी, हिरवा शेंबूड आणि तीन गोळ्यांची स्ट्रिप

सर्दी जिवाणूंमुळे होत नसावी, अशी शंका जुनीच. १९१४ साली जर्मनीत सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातलं पाणी जिवाणू अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळलं आणि धडधाकट माणसांच्या नाकात सोडलं. त्यातल्या काहींना सर्दी झाली, म्हणजे ती गाळणीतूनही सुटणाऱ्या विषाणूची होती. पण तो विषाणू प्रयोगशाळेत वेगळा करता आला १९५० च्या दशकात. तोवर पेनिसिलिन घरोघरी पोचलं होतं. म्हणजे सर्दी कशाने होते हे नीट कळायच्या आत, नाक वाहिलं की अँटिबायोटिक घ्यायची सवय लागून गेली होती.

आज आपल्याकडे त्या जागी बहुतेक वेळा अझिथ्रोमायसिन असतं. ते जिवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे त्याच्या प्रथिनं बनवायच्या यंत्राला चिकटून ते बंद पाडतं. विषाणूकडे असं यंत्रच नसतं. तो नाकाच्या अस्तरातल्या पेशीत शिरतो आणि आपलंच यंत्र वापरतो, आणि त्या यंत्राला हे औषध जवळजवळ हात लावत नाही. लावलं असतं तर पंचाईत आपलीच होती.

खरा घोळ झाला तो कायद्यात. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, हा ‘शेड्यूल एच’चा नियम आधीपासून होता आणि कुणी पाळत नव्हतं. म्हणून २०१३ मध्ये ‘शेड्यूल एच१’ ही औषधांची आणखी कडक यादी काढली, मार्च २०१४ पासून लागू केली. यादीतलं औषध विकलं की डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे वेगळ्या वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. पण जिथे डॉक्टरच नाही तिथल्या लोकांनी काय करायचं, असा आक्षेप आला, आणि तो पोकळ नव्हता. शेवटी यादीत मुख्यतः वरच्या फळीची औषधं राहिली. सेफिक्झिम आलं, अमॉक्सिसिलिन आणि अझिथ्रोमायसिन मात्र जुन्याच शेड्यूल एचमध्ये. माझ्या मते इथेच गाडी चुकली. सर्दीला काउंटरवरून जे सर्रास दिलं जातं, नेमकं तेच वहीतून सुटलं.

त्यात हिरव्या शेंबडाचा गैरसमज. ‘हिरवा झालाय, म्हणजे इन्फेक्शन झालंय.’ इन्फेक्शन तर पहिल्या दिवसापासूनच असतं, विषाणूचं. हिरवा रंग येतो आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका हिरवट एन्झाइममुळे. जिवाणूंची शंका घ्यायची ती दहा दिवसांत काहीच उतार पडला नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर.

सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त छळते. माणूस मेडिकलमध्ये जातो तोही तेव्हाच. रोज एक अशी तीन गोळ्यांची स्ट्रिप संपते, तोवर सहावा दिवस उजाडतो आणि सर्दी आपसूक ओसरू लागलेली असते. श्रेय गोळीला मिळतं, आणि पुढच्या वेळी रिकामी स्ट्रिप काउंटरवर ठेवून ‘हीच द्या’ म्हटलं जातं.