पैसे घेताना पिन लागत नाही

समजा, कोथरूडमधल्या एका काकूंनी जुनं लाकडी कपाट विकायला काढलं आणि ऑनलाइन जाहिरातीत किंमत टाकली 9,500 रुपये. दहा मिनिटांत फोन येतो. समोरचा हिंदीत सांगतो की तो फौजेत आहे, नुकतीच खडकीला बदली झालीय, कपाट न बघताच घेतो, टेम्पो पाठवतो. पुण्यात जुनं कपाट कुणी घासाघीस न करता घेत असेल, तर शंका तिथेच यायला हवी.

विश्वास बसावा म्हणून तो आधी 1 रुपया खरोखर पाठवतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड येतो. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘स्कॅन करा आणि पैसे मिळवा’. क्यूआर कोड म्हणजे चौकटीत भरलेली साधी एक ओळ असते. या कोडमधली ओळ साधारण अशी असेल:

```
upi://pay?pa=abc123@xyz&pn=Refund&am=9500&cu=INR&tn=Receive
```

`pa` म्हणजे पैसे ज्याला जाणार त्याचा यूपीआय पत्ता, `am` म्हणजे रक्कम. `pn` हे नाव आणि `tn` हा शेरा मात्र कोड बनवणारा मनाला येईल तसा टाइप करतो. शेऱ्यात ‘रिसीव्ह’ लिहिल्याने व्यवहाराची दिशा बदलत नाही. ओळीच्या सुरुवातीला `pay` आहे, म्हणजे स्कॅन करणारा पैसे देणार. पैसे घेणाऱ्याने काही स्कॅन करायचं नसतं. तो फक्त आपला कोड किंवा नंबर दाखवतो.

30 जून 2025 पासून यूपीआय अ‍ॅप्सना पैसे जाण्याआधी बँकेत नोंदलेलं नाव दाखवणं बंधनकारक आहे. म्हणून पिन टाकण्याआधी दोन सेकंद थांबून ते नाव आणि रक्कम वाचावी. पण नावावरही फार विसंबू नये. हे पैसे बहुतेकदा भाड्याने घेतलेल्या खात्यात जातात आणि तिथे कुणा साध्यासुध्या माणसाचं नाव दिसतं. खरी खूण पिनची. 4 किंवा 6 आकडी पिन पैसे पाठवताना, ऑटोपेला मंजुरी देताना किंवा शिल्लक बघताना लागतो. पैसे येताना तो कधीच लागत नाही.

पूर्वी हाच खेळ ‘रिक्वेस्ट’ पाठवून चालायचा. भामटा पैशांची मागणी पाठवायचा आणि लोक ती येणी समजून मंजूर करायचे. 1 ऑक्टोबर 2025 पासून व्यक्तीने व्यक्तीला अशी मागणी पाठवणं यूपीआयमध्ये बंद झालं. व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या मागण्या मात्र चालू आहेत, आणि ऑटोपेच्या मंजुरीची विनंतीही येते. म्हणून आपण स्वतः काही खरेदी सुरू केलेली नसताना आलेली विनंती नाकारायची.

आता काकूंचे 9,500 गेले. भामटा म्हणतो, ‘सर्व्हरची गडबड झाली, बँकेतून फोन येईल.’ पाच मिनिटांत ‘बँकेचा अधिकारी’ फोन करतो. त्याला रक्कम, वेळ, सगळं ठाऊक असतं. अर्थातच, तो त्याच टोळीतला आहे. तो म्हणतो, ‘मॅडम, व्हेरिफिकेशन कोड लिहून घ्या: 48372. दिलेल्या नंबरवर रकमेच्या चौकटीत तो भरा आणि पिन टाका, रिफंड सुटेल.’

कोड पाच आकडी का? यूपीआयने सर्वसाधारण व्यवहारात दिवसाला एक लाखापर्यंतच पैसे जातात. सहा आकडी ‘कोड’ अडकेल, पाच आकडी आरामात जाईल. अ‍ॅपला कोड वगैरे काही कळत नाही, त्या चौकटीतला आकडा म्हणजे रुपये. काकूंचे अठ्ठेचाळीस हजार तीनशे बहात्तर रुपये गेले. हा आकडा मोठ्याने रुपयांत वाचला असता, तर डाव तिथेच फुटला असता.

असा फोन आला तर तो ठेवायचा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा. गूगलवर सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर वापरू नये, तोही टोळीचा असू शकतो. आपली स्क्रीन समोरच्याला दिसेल असं अ‍ॅप टाकायला सांगितलं, तर ते टाकायचं नाही.

पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन करायचा. यूपीआयचे पैसे क्षणात पोचतात आणि टोळी ते लगेच पुढच्या खात्यांत फिरवते. पैसे मधल्या एखाद्या खात्यात असतानाच गोठवता येतात. फोनवर अ‍ॅपच्या इतिहासातला 12 आकडी यूटीआर क्रमांक, रक्कम आणि वेळ सांगावी लागते, म्हणून ते आधी कागदावर उतरवून घ्यावं. मग बँकेला कळवायचं आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवायची. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या चुकीने गेलेले पैसे, बँकेला कळवेपर्यंत, ग्राहकाच्याच माथी पडतात. कळवल्यानंतर जे जाईल त्याचा भार बँकेवर. त्यामुळे मुलगा ऑफिसमधून घरी येईपर्यंत थांबण्यात, किंवा लाज वाटून दुसऱ्या दिवसावर ढकलण्यात, काकूंचंच नुकसान आहे.