रायबोसोमरोधी प्रतिजैविके

जिवाणूंच्या रायबोसोमला चिकटून त्यांची प्रथिननिर्मिती बिघडवणाऱ्या औषधांना रायबोसोमरोधी प्रतिजैविके म्हणतात. टेट्रासायक्लिन, एरिथ्रोमायसिन, लिनेझोलिड, कॅनामायसिन ही त्यांतली परिचित नावे. माणसाच्या पेशीतही रायबोसोम असतात. परंतु जिवाणूचा रायबोसोम ७० एस, तर माणसाच्या पेशीद्रवातला ८० एस मापाचा असतो. निव्वळ आकारातील या फरकामुळे मात्र औषध निवडक ठरत नाही. ते ठरते औषध जिथे बसते त्या जागेच्या बारीक रचनेमुळे, आणि कॅनामायसिनच्या बाबतीत हे विशेष स्पष्ट दिसते.

कॅनामायसिन रायबोसोमच्या लहान उपघटकात, आरएनएचा संदेश वाचला जातो त्या ठिकाणी बसते. तेथील रायबोसोमच्या स्वतःच्या आरएनएमधली दोन ॲडेनिन अक्षरे एरवी संदेश आणि अमिनो आम्ल आणणारा आरएनए यांची योग्य जोडी जुळल्यावरच बाहेर वळतात. औषध त्यांना कायम वळलेले ठेवते, त्यामुळे चुकीची अमिनो आम्लेही स्वीकारली जातात आणि सदोष प्रथिने तयार होऊन जिवाणू मरतो. औषधाची पकड मुख्यतः १४०८ क्रमांकाच्या ॲडेनिनवर असते. माणसाच्या पेशीद्रवातील रायबोसोममध्ये त्याच जागी ग्वानिन असल्यामुळे ही पकड नीट बसत नाही.

क्षयाच्या जिवाणूने हाच फरक स्वतःत आणला, तर औषध निकामी होते. बहुतेक जिवाणूंत रायबोसोमच्या या आरएनएच्या जनुकाच्या अनेक प्रती असतात, क्षयाच्या जिवाणूत मात्र एकच. म्हणून एका अक्षराचा बदल पुरतो. प्रयोगशाळेच्या अहवालात तो A1401G असा दिसतो, कारण क्षयाच्या जिवाणूत त्या जागेचा क्रमांक वेगळा आहे.

माणसाचा बचाव पूर्ण नसतो, कारण तंतुकणिकांना जिवाणूंशी नाते सांगणारे स्वतःचे रायबोसोम असतात आणि त्यांच्या १४०८ व्या जागी ॲडेनिनच असते. शेजारची रचना थोडी सैल असल्यामुळे औषध तेथे सहसा घट्ट बसत नाही. मात्र आईकडून आलेल्या १५५५ व्या जागेवरील बदलामुळे (A1555G) तेथे जिवाणूसारखी जोडी तयार होते आणि अशा व्यक्तीला नेहमीच्या मात्रेनेही कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. हा बदल नसलेल्यांचे कानही सुरक्षित नसतात, कारण आंतरकर्णाच्या केसपेशींत औषध साचत जाते.

मुंबईत बहुऔषधरोधी क्षयाच्या रुग्णांना कॅनामायसिनची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागत. आधी कानात गुणगुण होते आणि उंच पट्टीचे आवाज जातात. साधे बोलणे अजून ऐकू येत असल्याने रुग्णाला ते उशिरा कळते, श्रवणचाचणीत मात्र आधीच दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये कॅनामायसिन वगळण्याचा सल्ला दिला. त्यानंतरच्या गोळ्यांच्या उपचारात महत्त्वाचे ठरलेले लिनेझोलिडही रायबोसोमवरच, त्याच्या मोठ्या उपघटकावर, काम करते. पण तेही तंतुकणिकांच्या रायबोसोमला काही प्रमाणात रोखते, म्हणून दीर्घ उपचारात रक्तपेशींची मोजणी, दृष्टी आणि पायांतील बधिरपणा नियमित तपासावे लागतात.