दाराजवळच्या चपला आणि आईची काळजी

गणपती करून मुलं परत गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी बेळगावला, अनगोळच्या आमच्या वहिनींकडे गेलो होतो. मुलगा बेंगळुरूला नोकरीला, मुलगी पुण्यात शिकायला, दादा रात्री नऊपर्यंत दुकानात. चहा पुढे ठेवत वहिनी म्हणाल्या, "भावजी, सकाळपासून उजवा डोळा फडफडालाय. पोराचा फोनपण लागेना. आईच्या मनाला आधीच कळतंय बघा."

मुलाचा फोन अर्ध्या तासाने आला. तो मीटिंगमध्ये होता, इतकंच. पण वहिनींचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण सीमाभागातल्या घराघरांत मी ते ऐकत आलोय. आधी डोळ्याचं सांगतो. पापणी फडफडते ती तिथल्या बारीक स्नायूच्या तंतूंमुळे. झोप कमी झाली, चहा जास्त झाला किंवा ताण वाढला की ते आपोआप आकसू लागतात. वहिनी पहाटे तीनला जाग्या होतात आणि दुपारपर्यंत चार कप चहा घेतात. म्हणजे काळजीनेच झोप उडाली, त्यामुळे डोळा फडफडला, आणि तो फडफडला म्हणून काळजी वाढली. डोळा फडफडला आणि काहीच झालं नाही असे दिवस कोणी मोजलेले नसतात. एखादाच जुळलेला दिवस वर्षानुवर्षं सांगितला जातो. त्यावर अंगारे-धुपारे करणाऱ्याला पैसे देणं म्हणजे न झोपलेल्या पापणीचे पैसे देणं आहे.

आता मूळ गोष्ट. वहिनींची काळजी नवी नाही. मुलं शाळेत होती तेव्हाही त्यांना काळजी वाटायचीच. फरक असा, की तेव्हा ती रोज संध्याकाळी बंद व्हायची. फाटक वाजलं, दप्तर पडलं, दाराजवळ चपला दिसल्या की झालं. मानसशास्त्रात अशा खुणांना सुरक्षेचे संकेत म्हणतात. धोका टळला, आता पहारा सैल कर, असं ते मेंदूला सांगतात. वीस वर्षं दिवसातून दोन-तीनदा हा संकेत मिळत होता. मुलं गेली आणि चपलाही गेल्या. पहारा मात्र चालू राहिला, आणि तो उठवायला काहीच उरलं नाही. दादा बाहेर माणसांत असतात, त्यामुळे त्यांचं लक्ष पुन्हापुन्हा मोडतं. वहिनींच्या रिकाम्या घरात ते मोडायला कोणी नाही. एकटेपणा काळजीला पोसतो तो इथे.

चपलांची जागा फोनने घेतली. फोन हा संकेत म्हणून कसा चालतो ते नीट बघू, कारण सगळं मर्म तिथे आहे.

काळजीला शून्य ते दहा असे गुण द्या. रात्री साडेदहाला वहिनींच्या मनात येतं, पोचला असेल ना रूमवर? गुण तीन. फोन लावला, उचलला नाही. सहा. पुन्हा लावला, पुन्हा नाही. आठ. तिसऱ्या वेळी "अगं आई, आंघोळीला गेलो होतो" ऐकू येतं आणि आठाचा आकडा क्षणात एकवर उतरतो. ही जी झपकन सुटका झाली, तेच मेंदूचं बक्षीस. ज्या कृतीनंतर त्रास थांबतो ती कृती मेंदू पक्की करून ठेवतो. मुलगा सुखरूपच होता, फोन केला नसता तरी सुखरूपच राहिला असता. मेंदू मात्र शिकतो ते वेगळंच: फोन केला म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी साडेदहाऐवजी दहालाच हात फोनकडे जातो.

त्यात फोन कधी पहिल्या रिंगला उचलला जातो, कधी पाचव्या. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की टोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर टोच मारणंही लवकर थांबतं. दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर कबूतर कितीतरी जास्त वेळ टोचत राहतं. अनियमित बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत चिवट असते. उचलेल की नाही याचा नेम नसलेला फोन अगदी तसाच आहे.

फोन केलाच नाही तर? आकडा आठपर्यंत चढतो, थोडा वेळ तिथे राहतो आणि मग स्वतःच उतरू लागतो. कधी वीस मिनिटं, कधी तास लागतो. पण तो उतरतो हे वहिनींना माहीतच नव्हतं, कारण उतरण्याआधी दर वेळी फोन झालेला असायचा.

म्हणून आम्ही एक वही केली. तीन रकाने: कशाची भीती वाटली, किती गुण, आणि शेवटी काय झालं. अमेरिकेत अशीच नोंद सतत काळजीचा विकार असलेल्या 29 जणांकडून करून घेतली होती. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे 91 टक्के भाकितं खोटी ठरली. वहिनींच्या वहीत दोन आठवड्यांत 31 नोंदी झाल्या. खऱ्या झाल्या दोनच: मुलाला एकदा ताप आला, मुलीची बस चुकली. दोन्ही गोष्टी मुलांनी स्वतःच निस्तरल्या होत्या.

फोन एकदम तोडायचा नव्हता. मनात आल्यावर आधी 15 मिनिटं थांबायचं, पुढच्या आठवड्यात अर्धा तास, मग तास. मुलाने रात्री "पोचलो" एवढा एकच मेसेज करायचा. बोलणं बुधवारी आणि रविवारी, सावकाश.

पहिल्या आठवड्यात काळजी वाढलीच. हे अपेक्षित असतं. बक्षीस बंद झालं की जुनी सवय आधी उसळी मारते. दुसऱ्या आठवड्यात मात्र आकडा उतरेना, तेव्हा मी वहिनींना विचारलं. फोन करत नव्हत्या, खरं दिवसातून चाळीसदा मुलाचं "लास्ट सीन" बघत होत्या, आणि दादांना "काय झालं नसेल ना?" विचारत होत्या. मेंदूच्या हिशेबात हाही फोनच. दादांनी "माहीत नाही, सकाळी कळेल" एवढंच म्हणायचं ठरलं. त्यांना ते फार जड गेलं.

मुलाकडूनही एक गोष्ट कळली. आई घाबरते म्हणून तो तापाचं, पगार अडकल्याचं काहीच सांगत नव्हता. वहिनींना त्याच्या आवाजात काहीतरी लपवल्याचं जाणवायचं आणि मन सगळ्यांत वाईट तेच भरून काढायचं.

हा उपाय काळजीच्या चक्रावर आहे, सगळ्यावर नाही. धडधड, हाताला कंप, वजन उतरणं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी आधी करावी. त्या ग्रंथीचं काम वाढलं की असंच होतं. या वयात पाळी जातानाही झोप मोडते. दोन आठवडे जेवणात, कामात, कशातच मन नसेल तर ते नैराश्य असू शकतं. काळजी सहा महिने बहुतेक रोज असेल, अंग आखडत असेल, झोप येत नसेल तर वहीवर भागणार नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, आणि धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था बेळगावहून तासा-दीड तासावर आहे.

परवा दादांकडून कळलं, रविवारचा फोन आता चाळीस मिनिटं चालतो. आधी दिवसाला सात-आठ फोन व्हायचे, त्यांत "जेवलास काय? पोचलास काय?" याच्यापुढे बोलणं जायचं नाही. मुलगा बेंगळुरूहून रात्रीच्या बसला बसला की वहिनींचा आकडा अजून सहाला जातो. पाचशे किलोमीटरचा रस्ता आहे. बारापर्यंत तो तीनवर येतो, आणि त्या झोपतात.