निफ्टीत असणे म्हणजे सुरक्षिततेची हमी नव्हे

“कंपनी निफ्टीत आहे, म्हणजे तिचे हिशेब तपासलेलेच असणार ना?”

नाही. निफ्टी ५० साठी मुख्यतः दोन गोष्टी पाहिल्या जातात: बाजारात खुल्या असलेल्या समभागांचे एकूण मूल्य, आणि मोठी खरेदी-विक्री केल्यास भाव किती हलतो. हे बाजारातील आकाराचे आणि उलाढालीचे मोजमाप आहे. ताळेबंद खरा आहे की नाही, याची चौकशी निर्देशांक समिती करत नाही. सत्यम कॉम्प्युटर्स निफ्टी आणि सेन्सेक्स या दोहोंत होती. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबांतील बनावटीची कबुली दिली, आणि त्याच दिवशी समभागाचा भाव तीन चतुर्थांशांहून अधिक कोसळला. निर्देशांकांतून नाव वगळले गेले ते त्यानंतर.

सदस्यत्व तपासायचे असल्यास niftyindices.com वरील घटक कंपन्यांची चालू यादी पाहावी, कारण नियमित फेरबदल वर्षातून दोनदा होतात आणि जुने लेख लवकर शिळे होतात. निर्देशांकाचे पूर्ण नावही वाचावे. ‘निफ्टी ५००’ मधील कंपनीला नुसते ‘निफ्टीतील’ म्हणून खपवणारे सल्लागार कमी नाहीत.