एसआयपी जनजागृती पोस्ट

एसआयपी, म्हणजेच सिस्टिमॅटिक इन्व्हेस्टमेंट प्लॅन, समजावून सांगण्यासाठी म्युच्युअल फंड वितरक व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर जो मजकूर टाकतो त्याला जनजागृती पोस्ट म्हणतात. तिच्यात एखाद्या योजनेची जाहिरात नसते, तर हप्त्याने गुंतवण्याच्या पद्धतीची माहिती असते. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण म्युच्युअल फंड कंपन्यांची संघटना असलेल्या ‘ॲम्फी’च्या आचारसंहितेनुसार फंड कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय वितरकाला एखाद्या योजनेचे स्वतःचे प्रचारसाहित्य तयार करता येत नाही आणि कंपनीचे नाव किंवा बोधचिन्हही वापरता येत नाही.

अशा पोस्टवर वितरकाचे नाव, त्याच्या नोंदणीचा एआरएन क्रमांक आणि ‘ॲम्फी-नोंदणीकृत म्युच्युअल फंड वितरक’ ही ओळख असते. ‘गुंतवणूक सल्लागार’ असे स्वतःला म्हणवून घेता येत नाही. त्यासाठी भांडवली बाजाराची नियामक संस्था सेबीकडे वेगळी नोंदणी लागते.

ठरावीक इशारा सर्वांच्या परिचयाचा आहे: ‘म्युच्युअल फंडातील गुंतवणूक बाजारातील जोखमींच्या अधीन आहे, योजनेशी संबंधित सर्व कागदपत्रे काळजीपूर्वक वाचा.’ इंग्रजीतले मूळ वाक्य १४ शब्दांचे आहे. त्यात आपल्या मनाने शब्द घालायचे किंवा काढायचे नसतात. दृक्‌श्राव्य जाहिरातीत ते दिसावेही लागते आणि ऐकूही यावे लागते, आणि त्याला निदान ५ सेकंद द्यावे लागतात.

मात्र खाली इशारा छापला म्हणून वरचे आश्वासन चालून जात नाही, आणि वितरकांची खरी चूक इथेच होते. नेहमी दिसणारी ओळ घेऊ: ‘दरमहा ५,००० भरा, २० वर्षांत ५० लाख मिळवा.’ हा हिशेब वर्षाला १२ टक्के, म्हणजे दर महिन्याला न चुकता १ टक्का वाढ धरून केलेला असतो. भरलेली रक्कम १२ लाख होते आणि गणकयंत्र सुमारे ५० लाख दाखवते. त्याच यंत्रात ८ टक्के घातले की आकडा ३० लाखांच्याही थोडा खाली येतो. म्हणजे २० लाखांचा फरक केवळ गृहीत धरलेल्या दरातून आला, आणि पोस्टमध्ये त्या दराचा उल्लेखच नाही. ‘मिळवा’ हे क्रियापद तर सरळ हमी देते. शिवाय एसआयपी स्वतः परतावा देत नाही. परतावा, नफा असो वा तोटा, ज्या योजनेत हप्ता जातो तिचा असतो. त्यामुळे ‘एसआयपीत १२ टक्के मिळतात’ हे वाक्य मुळातच चुकीचे आहे.

मग परताव्याचे आश्वासन न देता एसआयपी कशी समजवायची? सरासरी खरेदी किंमत दाखवणे हा सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. समजा, दरमहा २,००० रुपयांचा हप्ता आहे आणि पाच महिन्यांत युनिटचा, म्हणजे फंडातील एका हिश्श्याचा, भाव ५०, ४०, २५, ४० आणि ५० रुपये असा राहिला. युनिट अनुक्रमे ४०, ५०, ८०, ५० आणि ४० मिळाली, एकूण २६०. भावांची सरासरी ४१ रुपये येते, पण आपल्याला युनिट सुमारे ३८ रुपये ४६ पैशांना पडले. भाव पडला त्या महिन्यात जास्त युनिट आली, एवढीच एसआयपीची करामत आहे.

बहुतेक पोस्ट इथेच थांबतात, आणि मला ते अपुरे वाटते. याच उदाहरणात पुढे भाव ३५ रुपयांवर आला, तर १०,००० रुपयांचे ९,१०० होतात. हप्त्याने घेतले तरी ९०० रुपयांचा तोटा आहेच. म्हणून अशा आकडेमोडीखाली दोन गोष्टी लिहाव्यात: आकडे केवळ समजावण्यासाठी काल्पनिक आहेत, आणि एसआयपी नफ्याची हमी देत नाही की पडत्या बाजारात तोट्यापासून संरक्षणही देत नाही. २०२० च्या जानेवारीपासून २३ मार्चपर्यंत निफ्टी ५० निर्देशांक १२,३०० च्या वरून ७,६१० वर आला होता. ज्यांना आधी फक्त चढती रेघ दाखवली होती, त्यांना अशा वेळी हप्ता चालू ठेवा म्हणून सांगणे फार अवघड जाते.

बँकेच्या मुदत ठेवीशेजारी फंडाचा स्तंभ उंच काढून दाखवणे हाही फसवा प्रकार आहे. ठेवीचा व्याजदर आधी ठरलेला असतो आणि ५ लाखांपर्यंत तिला विमा असतो. फंडाला यातले काहीच नाही. ग्राहकाच्या खात्याचा नफा दाखवणारा स्क्रीनशॉटही टाळावा, नाव झाकले तरी. एकाचा निवडून काढलेला नफा पाहणाऱ्याला स्वतःसाठीचे आश्वासनच वाटतो.

मांडणीची एक अडचण व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास येते. इशारा चित्राखालच्या मजकुरात लिहिला, तर चित्र पुढे पाठवताना तो मागे राहू शकतो आणि वितरकाचे नाव असलेले चित्र इशाऱ्याविना फिरत राहते. म्हणून इशारा आणि एआरएन क्रमांक चित्राच्या आतच, पार्श्वभूमीवर उठून दिसणाऱ्या रंगात आणि मोबाइलवर मोठे न करता वाचता येईल अशा अक्षरात घालावा लागतो.