भाषांतराचं काम मेलवर देताना: पानं नको, शब्द सांगा

"दहा पानं आहेत, शुक्रवारपर्यंत हवंय, किती होतील?" असा मेल आम्हाला वरचेवर येतो. उत्तरात आम्ही उलट चार प्रश्न विचारले की काहींना वाटतं, दर सांगायला टाळाटाळ चालली आहे. तसं नाही. एका पानावर दीडशे शब्द असतात आणि सहाशेही असतात, मग पानांवरून आकडा सांगणार कसा?

आमचा दर मूळ मजकुरातल्या शब्दांवर असतो. 'इन द हाउस' हे इंग्रजीत तीन शब्द, मराठीत 'घरात' हा एकच. प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे मराठीत आल्यावर शब्द कमी भरतात. मराठीतून इंग्रजीत जाताना उलटं होतं, आणि भाषांतरातले शब्द मोजले तर बिल तुम्हाला जड जातं. मूळ मजकूर मोजला की काम सुरू व्हायच्या आधीच दोघांना रक्कम कळते.

मोजतानाही एक गफलत होते. अशाच एका 'दहा पानां'ची स्कॅन केलेली पीडीएफ आली. तिच्यात शब्द मोजता येईनात, म्हणून मूळ वर्ड फाइल मागवली. ग्राहकाच्या मते शब्द २,९००. वर्डच्या 'Word Count' खिडकीत 'Include textboxes, footnotes and endnotes' या चौकोनात खूण केल्यावर ३,६४० निघाले. चौकटींतला मजकूर आधी धरलाच नव्हता. मग कळलं की शेवटचं ८४० शब्दांचं परिशिष्ट भाषांतरित करायचंच नाही. म्हणजे काम २,८०० शब्दांचं. हे ठरेपर्यंत दोन दिवस गेले, आणि शुक्रवार काही पुढे सरकला नाही. (चित्रांतले शब्द मात्र वर्ड मोजत नाही. ते वेगळे कळवा.)

दिवसाला साधारण दोन हजार शब्द नीट होतात, शिवाय दुसऱ्या नजरेखालून घालायला वेळ लागतो. आमची मुदत अंतिम मसुदा हाती आल्यापासून मोजली जाते. मध्येच 'थोडा बदललेला' मसुदा आला, तर बदललेल्या शब्दांचा हिशेब वेगळा.

मजकूर छपाईला जाणार असेल तर युनिकोड चालेल की छापखान्याला जुना फॉन्ट लागतो, हे आधीच विचारून घ्या. नाहीतर ऐनवेळी अक्षरं फुटतात.

मेल एवढा असला तरी पुरे:

"इंग्रजीतून मराठी. सोबतच्या वर्ड फाइलची पानं १ ते ८, परिशिष्ट वगळून. चौकटींसह २,८०० शब्द. वाचक: नवे कर्मचारी. गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत, वर्डमध्ये, युनिकोडात, मूळ मांडणी ठेवून. प्रतिशब्द दर आणि एकूण रक्कम कळवा."

अशा मेलला आम्ही त्याच दिवशी पक्की रक्कम कळवतो. मोजणं जमत नसेल तर नुसती फाइल पाठवा. मोजून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही, काम आम्हाला दिलं नाही तरी.