पॅथॉलॉजी अहवालाचा गोषवारा : स्टेज आणि मार्जिन

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या विस्तृत पॅथॉलॉजी अहवालातून रोगाचा टप्पा आणि काढलेल्या ऊतीच्या कडांची स्थिती एवढेच निष्कर्ष निवडून ते अर्ध्या पानात पुन्हा मांडण्याची ही पद्धत आहे. टप्प्याला स्टेज आणि कडांना मार्जिन म्हणण्याचीच रीत आहे. गोषवारा सर्जन, कर्करोगतज्ज्ञ आणि रेडिओथेरपी देणारे डॉक्टर वाचतात. वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर मिळून उपचार ठरवतात त्या ट्यूमर बोर्डाच्या बैठकीत प्रत्येक रुग्णासाठी मोजकीच मिनिटे असतात आणि तिथे बहुधा हाच कागद समोर असतो.

काम सोपे वाटते, पण त्याची खरी अडचण अहवालाच्या लांबीत नसते. दीर्घ अहवालात एकच गोष्ट तीन-चार ठिकाणी येते आणि दर वेळी तिचे उत्तर वेगळे असू शकते. शस्त्रक्रिया चालू असताना ऊती गोठवून घाईने तपासतात त्या फ्रोझन सेक्शनचे एक उत्तर असते, नुसत्या डोळ्यांनी केलेल्या वर्णनाचे दुसरे, सूक्ष्मदर्शकाखालच्या पाहणीचे तिसरे आणि आठवड्याने आलेल्या पुरवणी अहवालाचे चौथे. त्यातले कोणते अंतिम, हे ठरवणे म्हणजेच गोषवारा करणे. वाक्ये आखूड करणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे.

अनेक प्रयोगशाळा आता अहवालाच्या शेवटी ठरावीक मथळे आणि त्यांपुढे उत्तरे अशी तक्त्यासारखी नोंद देतात. तिला सिनॉप्टिक अहवाल म्हणतात. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्स या संस्थेने बहुतेक अवयवांच्या कर्करोगांसाठी असे नमुने तयार केले आहेत. असा तक्ता असेल तर गोषवाऱ्याची सुरुवात तिथून करावी. मात्र तक्ता भरल्यानंतर आलेली पुरवणी त्यात नसते, हे विसरून चालत नाही. टप्प्याची खूण टीएनएम पद्धतीने लिहिली जाते. टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसीका ग्रंथी, एम म्हणजे दूरचा प्रसार. खुणेच्या सुरुवातीचे p हे अक्षर ही खूण शस्त्रक्रियेत काढलेली ऊती तपासून दिली आहे असे सांगते, आणि शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी झाली असेल तर त्या जागी yp येते. एवढे एक y गळाले तरी वाचणाऱ्याला उपचाराआधीचा रोगच तेवढा होता असे वाटते.

स्तनाच्या कर्करोगात हे सगळे प्रश्न एका अहवालात भेटतात, म्हणून समजण्यासाठी रचलेले एक उदाहरण घेऊ. डाव्या स्तनातली गाठ आजूबाजूच्या ऊतीसह काढली आहे. आधी केमोथेरपी झालेली नाही. प्रयोगशाळेकडे चार भाग आले : अ म्हणजे मुख्य नमुना, ब म्हणजे पोकळीच्या आतल्या बाजूची, छातीच्या मधल्या हाडाकडची, जादा कापलेली पट्टी, क म्हणजे खालच्या बाजूची तशीच पट्टी आणि ड म्हणजे तीन सेन्टिनल ग्रंथी, म्हणजे रोग पसरला तर सर्वांत आधी ज्यांत पोहोचतो त्या लसीका ग्रंथी.

आधी आकार. डोळ्यांनी पाहताना भाग अ मध्ये २.४ सेंमीची गाठ दिसली. सूक्ष्मदर्शकाखाली आक्रमक कर्करोग १९ मिमी भरला आणि त्याच्याभोवती डीसीआयएस, म्हणजे दूधनलिकांच्या आतच राहिलेला रोग, धरून एकूण विस्तार ३१ मिमी झाला. अहवालात हे तिन्ही आकडे आहेत. टी ठरतो तो फक्त आक्रमक भागावर. एजेसीसी या अमेरिकी संस्थेच्या टप्पे ठरवण्याच्या नियमांच्या आठव्या आवृत्तीप्रमाणे १० मिमीहून मोठी पण २० मिमीपर्यंतची गाठ pT1c असते आणि २० मिमीहून मोठी, ५० मिमीपर्यंतची pT2. म्हणजे योग्य आकडा घेतला तर pT1c आणि उरलेल्या दोहोंपैकी कोणताही उचलला तर pT2. गोषवाऱ्यात १९ मिमी घेताना ‘आक्रमक भाग’ हे शब्द सोबत ठेवावेत, नाहीतर पुढचा वाचक मूळ अहवाल उघडून २.४ सेंमी पाहील आणि गोषवाराच चुकला असे समजेल. एकाहून अधिक गाठी असतील तर त्यांची बेरीज करायची नसते. सर्वांत मोठीचे माप घेऊन m ही खूण जोडतात.

मार्जिनचा भाग सर्वांत नाजूक आहे आणि माझ्या मते गोषवाऱ्यातल्या घातक चुका इथेच होतात. नमुना प्रयोगशाळेत आला की त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागाला वेगवेगळ्या बाजूंनी वेगवेगळ्या रंगांची शाई लावतात. मग काप घेऊन कर्करोगाच्या पेशी शाईपासून किती अंतरावर आहेत ते मोजतात. आपल्या उदाहरणात भाग अ ची आतली कड ‘शाईवर आक्रमक कर्करोग’ अशी आहे, म्हणजे ती बाधित आहे. खालच्या कडेपासून अंतर १ मिमी, पुढच्या कडेपासून ५, मागच्या कडेपासून ३, वरच्या कडेपासून ६ आणि बाहेरच्या कडेपासून १२ मिमी आहे.

घाईत वाचणारा इथेच थांबतो आणि ‘आतली मार्जिन पॉझिटिव्ह’ असे लिहितो. ही नोंद वाचून पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा विचार सुरू होऊ शकतो. पण भाग ब हा नेमका त्याच आतल्या बाजूचा आहे. शरीरात उरलेल्या ऊतीला लागून असलेली खरी शेवटची कड आता भाग ब च्या बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. भाग ब ची जाडी ८ मिमी आहे. त्यात आक्रमक कर्करोग नाही. डीसीआयएसचा २ मिमीचा एक ठिपका आहे आणि तो नव्या कडेपासून ४ मिमी दूर आहे. भाग क मध्ये रोग नाही. म्हणून अंतिम स्थिती अशी : आतल्या बाजूची शेवटची कड दोन्ही प्रकारच्या रोगापासून मोकळी, डीसीआयएसचे अंतर ४ मिमी. खालची कडही मोकळी.

इथे दोन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिली, पट्टीचा नवा पृष्ठभाग कोणता ते सर्जनने टाका घालून दाखवले होते का. पट्टीची एक बाजू पोकळीकडे असते आणि तिच्यावर रोग असला तरी तो शेवटच्या कडेवरचा रोग नसतो. खूण नसेल तर पॅथॉलॉजिस्टला दोन बाजूंतला फरक सांगता येत नाही आणि अहवालात तसे लिहिलेले असते. दुसरी, पट्टीने बाधित जागा पूर्ण झाकली आहे का. छोटी पट्टी नेमक्या त्या ठिकाणाच्या बाजूलाच पडली असेल तर ती मोकळी निघूनही काही सिद्ध होत नाही. याचे उत्तर कागदावर नसेल तर ते सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी मिळून द्यायचे असते. गोषवारा लिहिणाऱ्याने अंदाज करू नये. आक्रमक भागासाठी ८ मिमी अंतर असा हिशेब मांडण्याचा मोहही आवरावा. तो आकडा पॅथॉलॉजिस्टने दिला नसेल तर ‘मोकळी’ एवढेच खरे आहे.

‘पुरेशी मार्जिन’ हे शब्दही गोषवाऱ्यात नकोत. पुरेसे काय, हे रोगाच्या प्रकारावर अवलंबून असते. स्तन राखून केलेल्या आणि पुढे रेडिओथेरपी मिळणार असलेल्या आक्रमक कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत शाईवर कर्करोग नसला की कड मोकळी धरावी, असे अमेरिकेतील सर्जिकल ऑन्कॉलॉजी आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजीच्या संस्थांनी २०१४ मध्ये ठरवले. नुसता डीसीआयएस असेल तर २०१६ च्या मार्गदर्शनात २ मिमी हे अंतर आले. आक्रमक रोगासोबत डीसीआयएस असेल तर पहिलाच नियम लागू होतो. म्हणून अंतर आणि त्या जागी कोणता रोग आहे हे दोन्ही लिहावे, आणि निर्णय उपचार करणाऱ्यांवर सोडावा.

ग्रंथींचा हिशेब थोडक्यात. फ्रोझन सेक्शनमध्ये तिन्ही ग्रंथी निर्दोष ठरल्या होत्या आणि शस्त्रक्रियेच्या नोंदीतही तसेच आहे. नंतर सावकाश तयार केलेल्या पक्क्या कापांत मात्र एका ग्रंथीत १.२ मिमीचा आणि दुसरीत ०.१ मिमीचा पेशींचा पुंजका सापडला. फ्रोझनमध्ये ग्रंथीचा मोजकाच भाग पाहिलेला असतो, त्यामुळे असे होणे अशक्य नाही, आणि पक्क्या कापांचाच निष्कर्ष मानायचा. ०.२ मिमीहून मोठा पण २ मिमीपर्यंतचा पुंजका सूक्ष्म प्रसार म्हणून मोजतात. ०.२ मिमीपर्यंतच्या सुट्या पेशींची ग्रंथी बाधितांत धरत नाहीत, पण नोंदवतात. म्हणून खूण pN1mi(sn), त्यात mi सूक्ष्म प्रसारासाठी आणि sn सेन्टिनलसाठी, आणि ‘तीनपैकी दोन बाधित’ हे लिहिणे चूक.

या अहवालाचा गोषवारा असा होतो :

शस्त्रक्रिया : डावा स्तन, गाठ काढणे, जादा कडा दोन, सेन्टिनल ग्रंथी. आधी केमोथेरपी नाही.
रोग : इन्व्हेजिव कार्सिनोमा, नो स्पेशल टाइप. नॉटिंगहॅम ग्रेड २ (३+२+२=७). आक्रमक भाग १९ मिमी (भाग अ), डीसीआयएससह विस्तार ३१ मिमी.
अंतिम मार्जिन : सर्व कडा मोकळ्या. आतली कड मुख्य नमुन्यात बाधित होती, भाग ब नंतर मोकळी (डीसीआयएस ४ मिमी). खालची कड भाग क नंतर मोकळी. मागची ३, पुढची ५, वरची ६, बाहेरची १२ मिमी.
ग्रंथी : ३ तपासल्या. १ मध्ये सूक्ष्म प्रसार १.२ मिमी, १ मध्ये सुट्या पेशी ०.१ मिमी. फ्रोझन निर्दोष होते.
टप्पा : pT1c pN1mi(sn), एजेसीसी आवृत्ती ८. एम : अहवालात नाही.
यायचे : ईआर, पीआर, हर-टू या रिसेप्टर चाचण्या.

यात ‘अंतिम’ कडेसोबत आधीची बाधित कडही ठेवली आहे. पुसून टाकली असती तर मूळ अहवाल उघडणाऱ्या डॉक्टरला विसंगती दिसली असती, आणि रेडिओथेरपीच्या आखणीसाठी ती जागा उपयोगाचीही असते.

एमच्या ओळीबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. स्तन आणि ग्रंथी तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला शरीरात दूर कुठे प्रसार आहे की नाही हे कळणे शक्य नसते. एजेसीसीच्या पद्धतीत pM0 अशी खूणच नाही. प्रसार नसल्याची नोंद तपासणी आणि स्कॅनवरून डॉक्टर cM0 म्हणून करतात. तरीही गोषवाऱ्यात रकाना भरण्यासाठी M0 लिहिलेले पुष्कळदा सापडते. तसेच एकूण स्टेजचा रोमन आकडाही स्वतः काढू नये. आठव्या आवृत्तीपासून स्तनाच्या कर्करोगात ग्रेड आणि रिसेप्टर चाचण्या धरून रोगाचे भाकीत सांगणारी स्टेज वेगळी काढतात, आणि आपल्या उदाहरणात त्या चाचण्या अजून यायच्या आहेत.

मसुदा पुरा झाला की उलट दिशेने तपासावा. गोषवाऱ्यातल्या प्रत्येक आकड्यापाशी अहवालातला भाग आणि ओळ दाखवता आली पाहिजे. आलेल्या भागांपैकी एकही राहिला नाही ना, तपासलेल्या ग्रंथींची बेरीज जुळते ना, सेंमी आणि मिमी यांची गल्लत नाही ना, आणि अहवालाची तारीख शेवटच्या पुरवणीची आहे ना, हे पाहावे. ‘नाही’ आणि ‘नोंद नाही’ यांतला फरक जपावा. रक्तवाहिन्यांतील प्रसाराबद्दल अहवाल गप्प असेल तर ‘प्रसार नाही’ असे लिहिणे म्हणजे नसलेला निष्कर्ष तयार करणे. अशा वेळी जागा रिकामी न ठेवता ‘अहवालात नोंद नाही’ असे लिहून पॅथॉलॉजिस्टला विचारतात, आणि त्यांचे उत्तर तोंडी न घेता पुरवणी अहवाल म्हणून घेतात.